पोटरी दाबलीत का?

"पालथा झोप," मी धाकट्याला म्हटलं. "पावलं पलंगाच्या बाहेर सोड."

माझा भाऊ रंगारी. चार दिवसांपूर्वी शिडीच्या शेवटच्या पायरीवरून जोर देऊन उतरला आणि मागून कुणी काठी हाणल्यासारखं झालं. वळून बघतो तर नुसती ओली भिंत. इस्पितळात म्हणाले, मुरगळलाय, पट्टी बांधा.

वीस वर्षं मी फिजिओथेरपी करतेय. धडधाकट पायाची पोटरी दाबली, तसं पाऊल फांदीसारखं झुकलं. दुसरी दाबली. पाऊल ढिम्म. टाचेच्या वर माझा अंगठा खड्ड्यात गेला.

"अगं ताई, हलतंय की! हे बघ."

"हलणारच. बोटांच्या दोऱ्या शाबूत आहेत. पोटरीला टाचेशी बांधणारी कंडरा तुटलीय, गाढवा! चार दिवस काय केलंस?"

"चाललो."

त्याच पावली त्याला इस्पितळात नेलं. तातडीच्या विभागात, पट्टी बांधायला सांगणारी तीच डॉक्टर होती.

"यांनी पाऊल खाली करून दाखवलं होतं," ती म्हणाली.

"पोटरी दाबलीत का?"

तिनं केसपेपर उलटून पाहिला.

"आता दाबा."

तिनं दाबली. पुन्हा दाबली. "चुकलं माझं," ती म्हणाली. माझा राग त्यानं तसूभर उतरला नाही.

हाडांच्या सर्जननं सोनोग्राफी केली. पाऊल खाली झुकवलं की तुटलेली टोकं जुळत होती.

"शिवून टाका," मी म्हटलं.

"ताई, शिवलं तर पुन्हा तुटायची भीती थोडी कमी. पण जखम चिघळणं, बाजूची नस दुखावणं हे धोके वाढतात, आणि यांना मधुमेह आहे. पट्ट्यांचा उंच बूट घालू, पाऊल झुकलेलं राहावं म्हणून त्यात टाचेखाली पाचरी ठेवू, लवकर वजन टाकायला लावू, बेतानं व्यायाम, मग एकेक पाचर काढू. वर्षानं शिवलेला आणि न शिवलेला पाय बहुतेक सारखाच चालतो."

"चार दिवस फुकट गेले त्याचे!"

"अजून उशीर झालेला नाही."

"म्हणून काय नुसता बूट?"

"ताई," धाकटा म्हणाला, "पाय माझा आहे. तुला कुणावर तरी सुरी चालवायचीय, ती माझ्यावर नको."

खरंच होतं ते. मला टाके हवे होते, त्या डॉक्टरीणबाईच्या डोळ्यांत खुपतील असे.

"बूट घाला," तो सर्जनला म्हणाला.

मी पट्टे करकचून आवळले.

"आई गं! हळू!"

"अंघोळीला काढलास तर याद राख. झोपतानाही पायातच."

"किती दिवस?"

"आठ-दहा आठवडे. आणि सहा महिने शिडीला हात लावायचा नाही."

"सहा महिने!" तो असा ओरडला की बाहेरच्या बाकावरची माणसं वळली. "आणि त्या बाईनं पोटरी दाबली नाही?"

चला, आता तोही पेटला. एकटीनं किती चिडायचं?