अठ्ठावन्न मार्कांनंतरचा प्लॅन

नव्या रायपूरचे रस्ते संध्याकाळी इतके रुंद अन् रिकामे असतात, की बसमध्ये बसल्याबसल्या माणूस स्वप्नात शिरतो. हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून निघालेली गंधालीही शिरली होती. जर्मनीतलं हॉस्पिटल, खिडकीबाहेर बर्फ, अन् आपण नर्सच्या कपड्यांत. फोन वाजला अन् बर्फ वितळला. जर्मन शिकवणाऱ्या अनुश्री दीदींचा मेसेज होता.

"परीक्षेचा निकाल पाहिला. वाचणं, ऐकणं, लिहिणं निघालं. बोलण्यात अठ्ठावन्नच आले, साठ लागतात. चारही पेपर परत देऊ नको, फक्त बोलण्याचा दे. पण जुना प्लॅन बंद. पाठ केलेलं भाषण तू छान करतेस, चर्चेत मात्र मान डोलावून मोकळी होतेस. ऑनलाइन क्लास चालू असताना तुझ्या बाबांचा आवाज येतो. ते मराठीत इतकं बोलतात, तू हिंदीत 'हाँ पापा' म्हणून संपवतेस. तीच सवय तिथे नडली. आता रोज बाबांशी मराठीत वाद घाल. चुकलं तरी थांबू नको. मग लगेच तोच विषय जर्मनमध्ये बोलून मला पाठव, तयारी न करता."

गंधालीला रागच आला. जर्मनसाठी मराठी! दीदींचं डोकं ठिकाणावर आहे ना?

पण दोन मार्कांनी नोकरी अडली होती, करते काय बिचारी. घरी नरहरी, तिचे बाबा, रेल्वेतून रिटायर झालेले, भाजी निवडत बसले होते. आई गेल्यापासून घरात बोलणारे तेच एकटे.

"बेटा, भाजीत मिरची कमी टाकू काय?"

"नाही बाबा. कमी... काहून कमी? मले तिखट पाहिजे."

बाबांच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग ते हसले अन् भांडायला लागले. डॉक्टर, ॲसिडिटी, तिच्या आईच्या हाताची चव, सगळं त्या मिरचीत आलं. गंधाली अडखळायची, चुकायची, पुन्हा बोलायची. मग खोलीत जाऊन जर्मनमध्ये मिरचीवर भांडायची. सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर संध्याकाळी गुलाबी होऊन आभाळात सांडायचा, अन् त्यात तिन्ही भाषा एकमेकींत मिसळून गेल्यासारख्या वाटायच्या. बाबा तर दुपारपासूनच वादाचा विषय शोधून ठेवत. इतके खुश ते कितीतरी वर्षांत नव्हते, खरं सांगते.

पुण्याला जाऊन तिनं पेपर दिला. चर्चेत समोरच्या मुलीनं मुद्दा मांडला, तेव्हा गंधालीनं मान डोलावली नाही. "मला नाही पटत," म्हणाली जर्मनमध्ये, अन् बोलतच राहिली.

निकाल आला त्या संध्याकाळी बाबा पुन्हा भाजी निवडत होते. ती शेजारी बसली.

"बाबा, पास झाली मी."

"म्हणजे आता जाशीन."

"हव. पण रोज फोन करीन. मराठीतच भांडीन. तुमी बोला ना काही. नको जाऊ म्हणा, मग मी वाद घालते."

बाबांना सगळं समजलं होतं. ते नुसती मान डोलावत राहिले.