पट्ट्यावरची नाडी

माझं काम लोकांना पळवायचं. नंदुरबारच्या एका हार्ट क्लिनिकात ट्रेडमिल टेस्ट घेते मी, आणि खरं सांगते, पेशंट पट्ट्यावर चढला की मला त्याच्याकडे बघावंच लागत नाही. कान पुरतात. मशीन हृदयाच्या दर ठोक्याला टिक् करतं. पट्टा दर तीन मिनिटांनी जरा वेगात येतो, पुढून जरा उचलला जातो, पायांचा आवाज वाढतो आणि त्याच्या मागोमाग टिक्‌टिकही वाढते. पाय आणि टिक्‌टिक जोडीनं पळतात. इतकी वर्षं हेच ऐकत आले. त्यात घाबरण्यासारखं काही असेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तापीबाई आल्या तेव्हा दुपार कलली होती. ब्राह्मणपुरीच्या, गुजर शेतकऱ्याच्या घरातल्या, साठीला एक वर्ष कमी. सोबत मुलगा लोटन. तक्रार अशी की चालताना दम लागतो. शेतावर जाणं केव्हाच बंद झालं होतं, आणि आठवड्यापूर्वी घरच्या जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन त्या पडल्या होत्या. कपाळावर खोक होती. धुडकूभाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, वर्षभरापूर्वी झोपेतच गेले. तेव्हापासून माय अशीच, असं लोटन म्हणाला. रडली नाही, घाबरत नाही, कशानं दचकत नाही. गावात लोक वाटेल ते बोलतात, तेही त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. म्हणे हिच्यात जीवच उरला नाही, नुसतं अंग चालतंय.

मी नेहमीसारखं विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? बीपीची? शुगरची? काही नाही, असं दोघंही म्हणाले. मी लिहिलं, काही नाही.

छातीला इलेक्ट्रोड लावले, कंबरेला पट्टा बांधला. पातळ वर खोचायला लावलं. सलवार द्यायला गेले तर अशा नजरेनं बघितलं की मीच कपाटात परत ठेवली. उभ्या असताना नाडी बावन्न. कष्टाची बाई असेल, असते अशी, मी मनात म्हटलं आणि पट्टा सुरू केला.

पहिली तीन मिनिटं मी बिल बुकात काहीतरी खरडत होते. पट्ट्याचा वेग वाढला. अनवाणी पायांचा थप् थप् आवाज भरभर यायला लागला आणि मला एकदम काहीतरी चुकल्यासारखं झालं. कशानं ते कळेना. मग कळलं. पाय पळत होते आणि टिक्‌टिक मात्र आपल्या आपल्या चालीनं येत होती. टिक्. मग थप् थप् थप्. मग टिक्. जणू पट्ट्यावर एक बाई धावत होती आणि मशीनमधलं हृदय अंगणात बसलेल्या दुसऱ्याच कुणाचं होतं.

मी मशीनला शिव्या घातल्या. व्होल्टेजला घातल्या, वायरी देणाऱ्या एजंटाला घातल्या. एक इलेक्ट्रोड काढून नवा लावला, वायर हलवून बघितली. पडद्यावरचा आलेख स्वच्छ होता, एक ठोका गळत नव्हता. शेवटी चालत्या बाईचं मनगट धरलं. मनगटातला ठोका आणि मशीनची टिक्, दोन्ही एकच. बाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ उघडे पडले होते, आणि नाडी जेमतेम अठ्ठ्याऐंशीवर येऊन थांबली होती. त्या वयाला एकशे सदतीसच्या पुढे तरी जायला हवी. जाईचना.

तेवढ्यात त्या मागे वळून न बघता मला म्हणाल्या, “धीमं कर बहीन. त्या मांगे पडी जातीन.”

“कोण मागे पडतील?”

“लोटनना बाप.”

खोलीत आम्ही दोघीच होतो. लोटन बाहेर बाकड्यावर. मी मागे बघितलं नाही, हे कबूल करते. दिवसाढवळ्या, ट्यूबलाइटच्या उजेडात, मला मागे बघवलं नाही.

मग त्यांना धाप आवरेना, पाय लटपटले आणि मी पट्टा थांबवला. पुढचा पेशंट सारंगखेड्याचा एक जाडा मास्तर होता. तो चढला तसं मशीन लगेच टकटकाटकटक करायला लागलं. मशीनला काहीच झालं नव्हतं. ते झालं असतं तर मला किती बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी रिपोर्टवर लिहिलं, क्रोनोट्रॉपिक इनकॉम्पिटन्स. आमचे डॉक्टर नाशिककडचे, हुशार, पण माणसाशी बोलतानासुद्धा रिपोर्ट वाचल्यासारखे बोलतात. त्यांनी लोटनला समजावलं. कष्ट वाढले की अंगाला रक्त जास्त लागतं, म्हणून हृदयानं वेग घ्यायचा असतो. हिचं घेत नाही. म्हणून दम, म्हणून अंधारी. आलेखात दोष दिसत नाही, पण नाडी चढलीच नाही म्हणून नसांत अडथळा आहे की नाही हेही या टेस्टवरून सांगता येत नाही. आता थायरॉइड बघू, चोवीस तास मशीन लावून बघू, आणि कारण सापडलं नाही तर नाशिकला जाऊन पेसमेकर.

पेसमेकर म्हणजे काय ते मी तापीबाईंना त्यांच्या बोलीत सांगितलं. छातीत एक छोटं यंत्र बसवतात, ते हृदयाला चालवतं. त्यांनी शांतपणे मान हलवली, नको म्हणून. यंत्र आलं तर लोटनच्या बापाला आत जागा कुठे राहील, असं काहीसं म्हणाल्या. लोटन भिंतीकडे बघत राहिला.

थायरॉइडच्या तपासणीसाठी रक्त द्यायला त्या बसल्या असतानाच पाच वाजले. तापीबाईंनी कमरेची चंची सोडली, तिच्यातून एक लहानशी बाटली काढली, मान मागे टाकली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब सोडायला लागल्या. एक, दोन, तीन. गालावर ओघळेपर्यंत. डॉक्टर घरी निघाले होते. ते चालता चालता थबकले, परत आले आणि त्यांनी बाटली हातात घेतली.

काचबिंदूचं औषध होतं ते. टिमोलॉल.

कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. धुडकूभाऊंना काचबिंदू होता. सकाळ संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम तापीबाईंचं, आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं एक वेळ न चुकता केलं. धुडकूभाऊ गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हात आपोआप फडताळाकडे गेला. बाटली हातात आली. आता घालायचे कुणाच्या डोळ्यांत? त्यांनी स्वतःच्या डोळ्यांत घातले. धुडकूभाऊंच्या डोळ्यांतून अर्धं सांडून जायचं म्हणून एकाऐवजी तीन थेंब घालायची सवय होती, ती तशीच राहिली. बाटली संपली की लोटन शहाद्याहून दुसरी आणायचा. त्याला वाटलं मायलाही काचबिंदू झाला असेल, म्हातारपणी होतो. आणि आम्ही गोळ्या विचारल्या होत्या. डोळ्यांतल्या थेंबांना औषध म्हणून धरतो कोण आपल्याकडे?

डॉक्टर म्हणाले, थेंब डोळ्यांत राहत नाहीत. आतल्या कोपऱ्यातून नाकात उतरतात, तिथून रक्तात, आणि हृदयाला आवरून धरतात. काही जणांच्या अंगात हे औषध लवकर निघूनच जात नाही, साचून राहतं. थेंब बंद केले तर नाडी बहुतेक आपोआप चढेल, पेसमेकर लागणार नाही. मला वाटलं, सुटले सगळे. मी हसलेसुद्धा.

तापीबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला जवळ बसवलं. लग्न ऐंशी सालचं, म्हणाल्या. शेवटची काही वर्षं रोज झोपताना यजमानांचं मनगट हातात धरून झोपायची सवय होती. सावकाश नाडी, फार सावकाश, बैल रवंथ करतो तशी. ते गेल्यावर काही दिवसांनी एका सकाळी त्यांनी स्वतःचं मनगट धरलं, आणि तिथे तीच नाडी लागली. तीच, ओळखीची.

“मी समजनी, त्या मन्हामा येल शेतस,” त्या म्हणाल्या. “म्हनीसन मी रडनी नही. घरमा शे त्या मानूसले कोन रडस?”

यजमान आपल्यातच येऊन राहिलेत, घरात असलेल्या माणसासाठी कोण रडतं, हे मी डॉक्टरांना मराठीत सांगितलं. सांगताना माझ्या अंगावर काटा आला. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, त्यांचीही नाडी याच औषधानं मंद झाली असणार. बरोबर होतंच ते. पण असं तोंडावर फेकायचं? मला त्यांचा असा राग आला की हातातली कापसाची पुडी मी टेबलावर आपटली.

तापीबाई बाटली सोडेनात. मूठ घट्ट. श्वास हवा असेल तर ही बाटली टाकायची, हे त्यांना कळलं होतं, आणि बाटली टाकली तर कोण जाईल हेही त्यांच्यापुरतं कळलं होतं. समजावून मी थकले. शेवटी लोटन त्यांच्या पायांशी जमिनीवर बसला. चाळिशी गाठलेला बाप्या, पण आवाज लहान पोरासारखा झाला होता.

“माय, बाप गया. तू ते ऱ्हाय.”

मग तापीबाईंनी मूठ उघडली आणि बाटली त्याच्या हातावर ठेवली.

पंधरवड्यानं दोघं परत आले. डोळे तपासून घेतले होते, काचबिंदू नव्हताच. यावेळी तापीबाई बसस्टँडपासून चालत आल्या होत्या, आणि लोटन ते सगळ्यांना सांगत होता. मी इलेक्ट्रोड लावले. उभ्या असताना बहात्तर. पट्टा सुरू केला आणि या खेपेला बिल बुकाला हातसुद्धा लावला नाही.

पाय वाढले. टिक्‌टिक वाढली. पट्टा उचलला गेला, पाय अजून वाढले, टिक्‌टिकही वाढली. शंभर. एकशे वीस. एकशे चाळीस ओलांडून एकशे सेहेचाळीस. दारात उभे राहिलेले डॉक्टर म्हणाले, उत्तम, आलेखही स्वच्छ. दम फारसा नव्हता, पायही लटपटत नव्हते. मी पट्टा थांबवला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. डॉक्टर रिपोर्ट लिहायला गेले. टेस्टनंतर काही मिनिटं वायरी तशाच ठेवाव्या लागतात, नाडी कशी उतरते ते बघायला. उतरत होती. एकशे दहा. शंभर. नव्वद.

तापीबाईंनी आपलं मनगट धरलं. डोळे मिटून कितीतरी वेळ बोटांखाली काहीतरी चाचपत राहिल्या.

“बहीन,” त्यांनी विचारलं, “हाई कोननी शे?”

“तुमचीच,” मी म्हटलं. “तुमचीच नाडी आहे काकू.”

“एकलीनी?”

मला खोटं बोलावंसं वाटलं. देवाशपथ वाटलं. मी मान डोलावली.

त्यांनी मनगट सोडलं. तोंडाला पदर लावला आणि वर्षभर न आलेलं रडणं आलं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. बाई स्टुलावर बसलेली, पाय जमिनीवर स्थिर, आणि नव्वदीला आलेली नाडी पुन्हा चढायला लागली. एकशे पाच. एकशे वीस. मशीनमधून कागद निघत राहिला. बंद करायचं बटण माझ्या हाताशीच होतं. मी ते दाबलं नाही, त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.