ओली पट्टी

मंजुषाने सकाळपासून अपूर्वाच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. लातूरच्या त्या हॉस्टेलात दोघी एका खोलीत राहत. क्लासच्या रविवारच्या टेस्टमध्ये अपूर्वा पहिली यायची, मंजुषा दुसरी. काखेतला डिजिटल थर्मामीटर वाजला तेव्हा त्यावर १०३ होते.

तो घेऊन मंजुषा रेक्टर महानंदा मॅडमकडे धावली. मॅडम कपाळावर रोखायची ती थर्मामीटरची बंदूक घेऊन तणतणत वर आल्या. पट्टी उचलून फेकली आणि त्याच ओल्या कपाळावर बंदूक रोखली. ९७.२.

"ताप न्हाई. टेस्टच्या दिवशी बऱ्या आजारी पडता गं तुम्ही!"

"मॅडम, कपाळ गार पडलंय. पुसून थोड्या वेळानं परत बघा. काखेत तर १०३ हाय."

"आधी डॉक्टर हो, मग मला शिकव. ऊठ गं अपूर्वा!"

अपूर्वा भिंतीला धरून टेस्टला गेली आणि अर्ध्या तासात बाकावरून कोसळली. दवाखान्यात सिस्टरने कानात थर्मामीटर घातला. १०५.१. मेंदूज्वर होता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

लोह्याहून तिचे वडील, रेणुकादास गुरुजी, आले. मॅडमनी हॉस्टेलचं रजिस्टर उघडून रविवारी लिहिलेल्या ९७.२ वर बोट ठेवलं.

"मग असं कसं झालं हो?" गुरुजींनी विचारलं.

मॅडमनी शेजारी उभ्या मंजुषाच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "हिनं पट्ट्या ठेवून ताप लपवला, गुरुजी. ही नेहमी दुसरी यायची ना."