खाडीतले बांबू

छपन्न सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून हरेश्वर गेला, तेव्हा वरळी कोळीवाड्यातल्या त्याच्या घराच्या नव्या छपराचे बांबू खाडीत बुडवलेले होते. आठवड्यापूर्वी त्यानेच ते दगडांखाली दाबले होते. महिनाभर पाण्यात राहिले की बांबूतला गोड रस निघून जातो, मग कीड सहसा लागत नाही.

त्याच्या बायकोला, शेवंताला, रडू आलं नाही. ती नुसती कामं करत राहिली.

तेराव्यानंतर धाकटा दीर चंदू म्हणाला, "वयनी, बांबू काढतो. छप्पर उरकून टाकू."

"महिना भरला नाय, भावजी."

"आता कुणासाठी थांबायचं?"

दिवाळीत आणलेल्यांपैकी पाण्यात न घातलेला एक बांबू पडवीत उभा होता. शेवंताने तो जमिनीवर आपटला. बारीक भोकांतून पिठासारखा पिवळा भुगा सांडला. चंदू त्याकडे बघत राहिला.

महिना भरल्यावर दोघांनी बांबू काढून धुतले आणि सावलीत उभे करून सुकवले. चैत्रात चंदूने टोकांना डांबर लावलं आणि सांगाडा काथ्याने बांधला. शेवंता वर चढली. माडाचे झाप वळचणीपासून आढ्याकडे एकावर एक चढवत गेली.

"उतर गो, पाणी तरी पी," शेजारची मंजुळा खालून ओरडली.

"एवढी ओळ होऊ दे." आपलाच आवाज तिला परका वाटला.

काम संपल्यावर ती आत जाऊन बसली. वरून कुठूनही ऊन येत नव्हतं. छप्पर चांगलं झालंय, एवढंच तिला कळत होतं.