अठरा, चोवीस

घरी टेबलाशी बसून मामा दुसऱ्या कॅमच्या कडेवरून नख फिरवत होता, आणि दर वेळी ते एकाच जागी अडत होतं.

"इथं," तो म्हणाला. "दिसत नाही, पण आहे."

मीही फिरवून पाहिलं. गोल बाजू संपून सरळ बाजू सुरू होते, तिथं केसाएवढी धार होती. कॅम म्हणजे यंत्रातली फिरणारी चकती; तिच्या कडेवरून रोलर धावतो. अशी धार असली तर फेऱ्याफेऱ्याला ठोका बसतो. पहिला कॅमही याच धारेपायी परत आला होता. दोन्ही वेळा तपासणीचा शेरा एकच: जोडाशी टूल, म्हणजे कापणारं पातं, घासल्याची खूण. म्हणजे चूक ऑपरेटरची.

मामाला सवय होतीच. मशीनचा आवाज बदलला की तो नॉब फिरवून टूलचा वेग हातानं कमी करायचा, आणि वेग कमी झाला की टूल कापण्याऐवजी घासू शकतं. एकतीस वर्षं त्या सवयीनं त्याचं भलंच झालं होतं. आता कारखान्याच्या साहेबांनी त्याच्याकडून लिहून घेतलं की हात पूर्वीसारखा राहिला नाही, आणि त्याला गज कापायच्या करवतीवर पाठवलं. त्याच्या मशीनवर दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर आला.

"हात राहिला नाही म्हणे," मामी म्हणाली. "याच हातानं सुईत दोरा ओवून देतात मला. साहेबांना म्हणावं, या एकदा शिवणकामाला."

मामा हसला नाही. तो आपले हात टेबलावर पसरून बघत बसला होता.

टूलनं कुठून कुठं जायचं ते मशीनला सांगणारा प्रोग्रॅम माझा होता. दुसऱ्या दिवशी मी ड्रॉइंग पुन्हा उघडलं. गोलाचं केंद्र शून्यावर, त्रिज्या तीस मिलिमीटर. सरळ रेघ आडव्या अक्षावर अठ्ठेचाळीसपासून निघते आणि गोलाला स्पर्श करते. स्पर्शाचा बिंदू ड्रॉइंगवर छापलेलाच होता: अठरा, चोवीस. मी तोच उचलून घातला होता. पहिल्या दिवशी मामानं विचारलंही होतं, "बिंदू काढून बघितलास ना?" मी म्हटलं होतं, "दिलाय की."

आता काढला. त्रिज्या स्पर्शरेषेला काटकोनात भेटते, म्हणून त्रिकोण काटकोनी. तीसचा वर्ग भागिले अठ्ठेचाळीस: अठरा पॉइंट पंचाहत्तर. वरची उंची तेवीस पॉइंट चारशे एकोणीस. अठरा आणि चोवीस नाहीच.

अठरा कधी येतील? रेघ पन्नासपासून निघाली तर. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बदलांचा तक्ता होता. त्यात एकच ओळ: पन्नासचे अठ्ठेचाळीस केले. कुणीतरी एक आकडा बदलला आणि त्यावर अवलंबून असलेले दोन तसेच ठेवले. जुना बिंदूही गोलावरच पडतो, म्हणून मशीननं तक्रार केली नाही. पण तिथून निघालेली रेघ जवळजवळ दोन अंशांनी वळत होती. तीच धार.

मी कागद घेऊन साहेबांकडे गेले.

"आकारात किती फरक?" त्यांनी विचारलं.

"पंधरा मायक्रॉन."

"चालतो किती?"

"वीस."

"मग बसतंय की, मॅडम."

"फरक मापात नाही, साहेब, दिशेत आहे. रेघ वळते तिथं धार येते."

त्यांनी कागद परत दिला. "दुरुस्त करा. तिसरा चांगला आला तर बोलू."

तिसरा चांगला आला. साहेबांनी नख फिरवलं, कुठंच अडलं नाही.

"बघा," ते म्हणाले. "माणूस बदलला, काम सुधारलं."

"प्रोग्रॅम बदलला, साहेब."

"दोन्ही बदललं. कशानं सुधारलं, तुम्हीच सांगा. तुम्ही सायन्सच्या."

ते टोमणा मारत नव्हते. प्रश्न बरोबर होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. जुना प्रोग्रॅम नव्या ऑपरेटरकडून चालवायचा, किंवा नवा मामाकडून. मी घाईनं दुरुस्त केला आणि त्याच मशीनवर पाठवला, जिथं मामा नव्हता.

"अजून एक करून बघू," मी म्हटलं.

"कशातून? कॅमसाठी लोखंडाचे तीनच तुकडे आले होते."

संध्याकाळी करवतीपाशी गेले. मामा गज पुढे सरकवायचा, बटण दाबायचा आणि पातं खाली येईपर्यंत उभा राहायचा. मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

"मामा, तुझा हात नव्हता तो. माझा बिंदू होता."

त्यानं कापलेला तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"नॉब मी फिरवला होता गं," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. तिथंच."

"त्यानं धार नाही येत."

"तू म्हणतेस." त्यानं गज पुढे सरकवला. "किती आला म्हणालीस?"

"अठरा पॉइंट पंचाहत्तर."

"विचारलं होतं मी तुला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मग त्यानं बटण दाबलं, आणि करवतीच्या आवाजात पुढचं बोलणं शक्य नव्हतं.