चित्रातला चेंडू

ड्रायव्हर परक्या देशात व्हॅन चालवायचा आणि त्याची मुलगी मायदेशातून फोनवर त्याची परीक्षा घ्यायची. बापलेकीच्या नात्यात असं उलटं वारं क्वचितच वाहतं. पण वेळच तशी आली होती. तिथल्या भाषेची तोंडी परीक्षा ड्रायव्हर पास झाला, तरच त्याला बायको आणि मुलीला आपल्याजवळ आणता येणार होतं. त्यात मुलगी वैशाखात अठरा पूर्ण करणार. अठरा झाली की कायद्याच्या हिशेबात ती लेकरू उरत नव्हती. मग फक्त बायकोला येता आलं असतं. लेकीनं मागं राहायचं, एकटीनं. परीक्षेची पुढची तारीख वाढदिवसानंतरची होती, म्हणजे जे काही व्हायचं ते याच खेपेला.

लेखी पेपर त्यानं कसाबसा काढला होता. अडत होतं ते चित्र. गजबजलेलं एक चित्र पुढ्यात ठेवतात, अर्धा मिनिट नुसतं बघू देतात आणि मग एक मिनिट त्यावर बोलायचं. मध्ये कुणी टोकत नाही, कुणी मदत करत नाही.

पहिल्या दिवशी मुलीनं फोनवर एका बाजाराचं चित्र पाठवलं. ड्रायव्हर सुरू झाला, "एक माणूस आहे. एक बाई आहे. एक पिशवी आहे. कुत्रा आहे. अजून एक बाई आहे."

"बाबा, तुम्ही किराण्याची यादी वाचताय का?"

"मग जे आहे तेच सांगणार ना, चिमणे."

"सगळं नाही सांगायचं. सगळं सांगायला गेलात तर मिनिट संपेल आणि तुम्ही कुत्र्यापाशीच असाल. आधी एका वाक्यात सांगा, ही जागा कुठली, वेळ कुठली. मग समोरची माणसं, ती काय करतायत. मग मागे काय. शेवटी तुम्हाला काय वाटतं. 'बहुतेक सुट्टीचा दिवस असेल', असं काहीतरी. आणि ज्याचा शब्द येत नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. झालं."

ड्रायव्हरच्या डोक्यात हे शिरेना. त्याच्याच खोलीत राहणारा स्वयंपाकी कांदे सोलता सोलता ऐकत होता. तो म्हणाला, "अहो, गाडी काढताना काय करता? आधी समोर बघता, मग डावा आरसा, उजवा आरसा, मग मागचा. तसंच बोला की. लेकीचा जीव घेताय उगाच."

आणि खरंच, कुलूप उघडावं तसं झालं. काचेतून समोर, म्हणजे पूर्ण जागा. डाव्या आरशात एक माणूस, उजव्यात दुसरा. मागच्या आरशात दुकानं, आकाश, ऊन. शेवटी वाटणं. रोज माल पोचवून आला की तो बूटही न काढता बोलायला बसे आणि मुलगी मोबाइलवर वेळ लावी. हळूहळू त्याची वाक्यं एकमेकांचा हात धरून चालायला लागली. एकदा शब्द आठवेना तेव्हा तो 'छत्री'ला 'पावसाची टोपी' म्हणाला, तर मुलगी हसून हसून खाली बसली. "चालेल, बाबा. थांबलात तर गुण जातात. चुकलात तर थोडेच जातात." पलीकडून आईचा आवाज आला, "पावसाची टोपी कसली, आता बॅगेत काय भरू ते विचार त्यांना." तिनं गाद्यांच्या खोळीसुद्धा धुऊन वाळत घातल्या होत्या.

परीक्षेच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर घड्याळ. समोर परीक्षक बाई. मागे कोपऱ्यात गुण देणारे एक गृहस्थ. बाईंनी हसून नाव विचारलं, काम विचारलं. ड्रायव्हरनं नीट उत्तरं दिली. मग त्यांनी उलटं ठेवलेलं चित्र सुलटं केलं.

रस्ता होता. त्याचाच तर रोजचा रस्ता. देवानं आपल्यासाठीच काढून पाठवला की काय, असं वाटून त्याच्या छातीतला दगड हलका झाला. अर्ध्या मिनिटात त्यानं आरसे लावून घेतले. डावीकडे बसथांबा, उजवीकडे फळवाला, मागे शाळेची इमारत.

"सुरू करा," बाई म्हणाल्या.

"हा शहरातला एक गजबजलेला रस्ता आहे. बहुतेक सकाळ आहे, कारण दुकानं आत्ताच उघडतायत. डावीकडे माणसं बसची वाट बघतायत. एक आजोबा वर्तमानपत्र वाचतायत. त्यांच्या शेजारी एक बाई फोनवर बोलतेय, ती थोडी रागावलेली वाटते."

कोपऱ्यातल्या गृहस्थांचं पेन चालू होतं. ड्रायव्हर उजव्या आरशाकडे वळला.

"उजवीकडे एक माणूस फळं मांडतोय. त्याच्यासमोर दोन गाड्या उभ्या आहेत आणि..."

दोन गाड्यांच्या फटीतून एक लाल चेंडू रस्त्यावर येत होता.

चित्रकारानं तो उगाच काढला असेल, रिकामी जागा भरायला. पण ड्रायव्हरचा उजवा पाय टेबलाखाली जमिनीवर करकचून दाबला गेला. वीस-बावीस वर्षांपूर्वी, गाडी शिकवताना उस्तादांनी त्याच्या पाठीत धपाटा घालून सांगितलं होतं, "चेंडू दिसला की पोर बघत बसू नकोस, आधी थांब. पोर मागून येतंच." आणि एकदा आलं होतं. बंपरपासून हातभर अंतरावर उभं राहून ते पोर चेंडू उचलून निघून गेलं होतं आणि ड्रायव्हर गाडीतच रडला होता. त्या दिवशी देवानंच आपल्या पायावर पाय ठेवून ब्रेक दाबला, असं तो आजही मानत होता.

तो चित्रात पोर शोधू लागला. गाडीखाली बघितलं, फळवाल्यामागे बघितलं. एका गाडीच्या आडोशाला काहीतरी काळं होतं. डोकं होतं की सावली, कळेना. घड्याळाची टिकटिक त्याला ऐकू येत होती, पण लांबून, बंद काचेपलीकडून यावी तशी. बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांना बोलायची परवानगी नव्हती.

"थांबा," तो शेवटी म्हणाला. "मूल आहे."

बाईंनी नकळत मान वाकवून चित्राकडे पाहिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "वेळ संपली."

पुढचे प्रश्न चित्रावरच होते. तुमच्या रस्त्यावर गर्दी असते का, तुम्हाला शहर आवडतं का. त्याला सोपी उत्तरंही जुळवता येईनात. प्रत्येक वाक्य त्या दोन गाड्यांच्या फटीपाशी जाऊन अडे.

निकाल फोनवरच आला. थोडक्यात गेलं होतं. थोडक्यात गेलं काय, पुष्कळात गेलं काय, गेलं ते गेलं.

मुलीला सांगताना त्यानं काही लपवलं नाही.

"माझंच चुकलं, बाबा. सगळं शिकवलं, पण चित्रात कुणाला काही होत नसतं हे सांगायचं राहिलं."

"ते सांगून कळलं नसतं गं मला."

"आई म्हणतेय, मी नाही तर ती पण नाही येणार."

"माहीत होतं मला."

मागे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन. आई भरलेले कपडे परत काढून ठेवत होती.

"बाबा, सांगा ना, काय काय होतं चित्रात? आपल्या भाषेत सांगा. मी वेळ नाही लावत."

ड्रायव्हरनं डोळे मिटले. सकाळचा रस्ता त्यानं सांगितला, वर्तमानपत्रवाले आजोबा सांगितले, रागावलेली बाई, फळवाला, मागची शाळा, शाळेच्या खिडक्यांवर पडलेलं ऊन. कुठंही अडला नाही. शेजारच्या खाटेवर स्वयंपाकी भिंतीकडे तोंड करून जागाच होता.

"आणि तो चेंडू?" मुलीनं विचारलं.

"फुटपाथला लागून थांबला."

"आणि मागून कोण आलं?"

"कुणी नाही आलं, चिमणे."

"बरं झालं," ती म्हणाली आणि मग कितीतरी वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.