सातवा सोमवार

सुदेश मास्तरांना संख्याशास्त्र येत नव्हतं असं कुणी म्हणेल तर ते धादांत खोटं. मालवणातल्या कॉलेजात ते अकरा वर्षं तोच विषय शिकवत होते, आणि बरा शिकवत होते. म्हणूनच तर सगळा घोळ झाला. न येणारा माणूस निदान दोनदा विचारतो तरी.

तारकर्लीला त्यांची चुलतकाकी, सावित्रीकाकी. काका गेल्यावर तिने विहिरीकडच्या मांगराभोवती, म्हणजे वाडीतल्या खोपीभोवती, पोफळीची सहाशे रोपं केली होती, पिशव्या भरण्यापासून सगळं एकटीनं. पावसाळा लागला की ती विकायची. पण खाडी जवळ, उन्हाळा चढला की विहिरीचं पाणी खारं होत जातं, आणि पोफळीच्या कोवळ्या रोपाला खारं पाणी म्हणजे विषच. कृषी अधिकाऱ्याने तिला पेनाएवढा एक मीटर दिला होता. पाण्यात बुडवायचा, आकडा बघायचा. नऊशेच्या वर गेला की रोपं जळणार, हे त्याने बजावून सांगितलं होतं. काकी मार्चच्या पहिल्या सोमवारपासून दर सोमवारी मोजायची आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायची. चौथी शिकलेली बाई, पण एक सोमवार चुकवला नाही.

एप्रिलच्या मध्यावर तिने त्या कागदाचा फोटो धाडला आणि पाठोपाठ फोन केला. "सुदेशा, माका इतक्याच सांग, ह्या पाणी पावसापर्यंत पुरतला काय? नाय तर रोपां पिंगुळीक महादूकडे धाडतंय. थंय पाणी गोडा आसा." महादू म्हणजे तिचा भाऊ. टेम्पो द्यायलाही तयार होता.

मास्तरांनी फोटो उघडला. कॅलेंडर वाकडं, वर पंख्याची सावली. त्यांनी कडा कापून फोटो नीटनेटका केला आणि आकडे उतरवले. पहिला सोमवार चारशे दहा, मग चारशे चाळीस, चारशे साठ, चारशे नव्वद, पाचशे दहा, पाचशे चाळीस. आणि सातवा, सहाशे नव्वद!

"हॅ! काकीन कायतरी भलताच लिवल्यान," मास्तर स्वतःशीच हसले. पहिल्या सहा आकड्यांतून रेषा काढली तर काय सुंदर बसत होती! प्रत्येक बिंदूचं रेषेपासूनचं उभं अंतर मोजायचं, त्याचा वर्ग करायचा, आणि सगळ्या वर्गांची बेरीज जिच्यात सर्वांत कमी येते ती रेषा घ्यायची. ती आली तीनशे शहाऐंशीपासून सुरू होणारी, आठवड्याला साधारण साडेपंचवीसने चढणारी. आर-स्क्वेअर, म्हणजे रेषा आकड्यांना किती चपखल बसते त्याचं माप, एकपैकी शून्य पूर्णांक नऊशे सत्त्याण्णव. आयुष्यात इतका देखणा आर-स्क्वेअर खऱ्या आकड्यांतून त्यांना मिळाला नव्हता. ह्या रेषेप्रमाणे सातव्या सोमवारी पाचशे चौसष्टच्या आसपास हवं होतं. म्हणजे म्हातारीने पाचाचा सहा केला असणार. मास्तरांनी ती ओळ खोडली.

चौदावा सोमवार म्हणजे जूनचा पहिला. तिथे रेषा सांगत होती सातशे बेचाळीस, फार तर बावीस इकडे-तिकडे. नऊशेला कितीतरी अवकाश होता. मास्तरांनी लगेच फोन लावला. "काकी, बिनधास्त रव. रोपां हलवची गरज नाय. आणि तो शेवटचो आकडो चुकलो हा तुझो. मीटर नीट दिसलो नसतलो तुका."

"असात बाबा," काकी म्हणाली. "तू शिकलेलो."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी हेच उदाहरण वर्गात फळ्यावर मांडलं, थोड्या दिमाखातच. फोटोही पडद्यावर दाखवला. श्रिया नावाची मुलगी पहिल्या बाकावरून म्हणाली, "सर, फोटोत सात ओळी आहेत. फळ्यावर सहाच का?"

"लिहिताना चुकलंय ते."

"तुम्ही त्यांना विचारलंत का, सर?"

वर्ग हसला. मास्तर म्हणाले, "श्रियाबाई, पेपर तपासणार आहात का आमचे?" आणि वर्ग आणखी हसला. मास्तर पुढच्या गणिताकडे वळले.

मे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी काकीचा फोन आला. रोपांची पानं टोकाकडून करपायला लागली होती. मास्तर स्कूटरवर बसले ते थेट मांगरापाशी उतरले. ओळीच्या ओळी तांबूस पडल्या होत्या. काही रोपांचा कोंबच काळा झाला होता. काकी एका पिशवीपुढे उकिडवी बसून सुकलेलं पान हलक्या हाताने काढत होती.

मास्तरांनी मीटर मागून विहिरीच्या पाण्यात बुडवला. बाराशे चाळीस! त्यांच्या देखण्या रेषेप्रमाणे आज सातशेसुद्धा व्हायला नको होते.

त्यांनी मोबाइलमध्ये मूळ फोटो शोधला, न कापलेला. सातव्या ओळीच्या बाजूला, त्यांनी कातरलेल्या कडेवर, काकीने आडवं लिहिलं होतं: शेजारच्या लॉजची नवी मोटर सुरू. दोनदा मोजलं.

दोनदा मोजलं होतं तिने! शेजारी गोडं पाणी उपसायला लागले, खाडीचं खारं पाणी आत सरकलं, आणि तो सातवा आकडा तेच तर सांगत होता. तिथेच माडाला टेकून त्यांनी सातही आकडे घेऊन हिशेब पुन्हा केला. चौदाव्या सोमवारी आठशे पंचाण्णव. आर-स्क्वेअर ०.८३. आणि अंदाजाची खरी रुंदी? साडेसहाशेपासून सव्वाअकराशेपर्यंत कुठेही. त्यातही रेषा मुळात सरळ राहील हे धरून, सात आठवड्यांच्या आकड्यांवर आणखी सात आठवडे पुढे उडी मारून. म्हणजे एप्रिलमध्ये खरं उत्तर एवढंच होतं: काकी, मला सांगता येत नाही, दर सोमवारी मोजत राहा आणि रोपं पिंगुळीला ने. हे सांगायला काय जात होतं? आर-स्क्वेअर जात होता. त्यांनी स्वतःच न पटणारा आकडा काढला आणि मग उरलेले किती पटतात म्हणून पाठ थोपटून घेतली. पहिल्या वर्षाच्या पोराने असं केलं असतं तर त्याची वही भिरकावली असती त्यांनी.

"काकी," ते कसेबसे म्हणाले, "त्येच्या पुढचे सोमवार खंय आसत? कागद दाखव."

काकीने कॅलेंडर आणून दिलं. सातव्या ओळीखाली काही नव्हतं.

"मोजूक नाय?"

"नाय रे. तू म्हटलंस ना, माका दिसना नाय म्हणान. मगे खोटे आकडे लिवन काय करू?" ती खाली बघत होती. "माजाच चुकला. नीट बगून लिवलंय आसतंय तर तुका बरोबर सांगूक येयला आसता. विनीतानय फोनार म्हटल्यान, आये, आता ह्या सगळा सोड, तुज्यान जमाचा नाय."

विनीत तिचा मुलगा, मुंबईला. मास्तरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. कुणाला कळणार होतं? ती तर स्वतःलाच बोल लावून मोकळी झाली होती.

"काकी, आयक. तुजो आकडो बरोबर होतो," ते म्हणाले. "सहाशे नव्वदच. तू लिवलंस ता मी कापून टाकलंय, माजी रेषा बरी दिसाक व्हयी म्हणान. रोपां माज्यामुळे जळली."

काकीने कॅलेंडर परत हातात घेतलं आणि सातवी ओळ बोटाने चाचपली. आता ती शिव्या घालील, निदान रडेल, म्हणून मास्तर मान खाली घालून थांबले. खरं तर त्यांना तेच हवं होतं.

"म्हणजे माजे डोळे बरे आसत?" काकीने विचारलं, आणि तिचा सुरकुतलेला चेहरा आनंदाने फुलून आला.